रेंज फुल्ल, नेट गुल

फोनच्या कोपऱ्यात चारही दांड्या भरलेल्या आहेत, शेजारी ४जी लिहिलेले आहे आणि दुकानदारासमोर यूपीआयचे चक्र नुसते गरगर फिरते आहे. कधी याच्या उलटही होते. एकच दांडी दिसत असते, पण व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ झटकन उतरतो. नेट अडले की आपल्या तोंडी एकच वाक्य येते, ‘इथे रेंजच नाही.’ चार दांड्या भरलेल्या असताना ते वाक्य चुकीचे असते. रेंज भरपूर असते, पण त्या क्षणी तिथे आपल्यासाठी जागा नसते. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. कोणता आजार आहे हे ओळखायला लागणारी मोजमापे आपला फोन दिवसभर घेत असतो. ती बघायची कुठे आणि वाचायची कशी, एवढेच शिकावे लागते.

आधी दांड्यांचे बघू. अँड्रॉइडच्या मूळ मांडणीत ४जीच्या दांड्या फक्त एका आकड्यावरून ठरतात. टॉवरकडून येणारा एक ठरावीक संकेत फोनपर्यंत किती ताकदीने पोचतो, तो हा आकडा. तो उणे ९८ किंवा त्याहून चांगला असेल तर चारही दांड्या भरतात. उणे १०८ पर्यंत तीन, उणे ११८ पर्यंत दोन आणि उणे १२८ पर्यंत एक दांडी दिसते. फोन बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या कंपन्या या पायऱ्या बदलू शकतात. त्यामुळे एकाच टेबलावरच्या दोन फोनांत वेगवेगळ्या दांड्या दिसल्या तर नवल नाही. पण महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या मोजणीत गर्दीचा हिशेबच नाही. त्या टॉवरवर तुम्ही एकटे असा की तुमच्याबरोबर तीनशे जण असोत, दांड्या तेवढ्याच दिसणार.

आकडे कुठे दिसतात

फोनच्या डायल पॅडवर नंबर टाकतो तसे काही कोड टाकले की आतली माहिती दिसते. पहिला कोड बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर चालतो, दुसरा सॅमसंगवर आणि तिसरा आयफोनवर.

```
*#*#4636#*#*
*#0011#
*3001#12345#*
```

काही कंपन्यांनी हे कोड बंद केले आहेत. अँड्रॉइडवर तसे असेल तर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर यांसारखे ॲप हेच आकडे नीट मांडून दाखवते. आयफोनवर बाहेरच्या ॲपना हे आकडे मिळत नाहीत, तिथे वरच्या कोडवरच भागवावे लागते. पडद्यावर बरीच अक्षरे आणि आकडे दिसतील. त्यांतले तीनच आपल्या कामाचे आहेत: `RSRP`, `RSRQ` आणि `SINR`. तिसऱ्याला काही ठिकाणी `SNR` किंवा `RSSNR` असेही लिहिलेले असते. एखाद्या रकान्यात `2147483647` असा अगडबंब आकडा दिसला तर घाबरू नका. ते मोजमाप या फोनकडे उपलब्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे आकडे डेसिबलमध्ये असतात आणि पहिले दोन नेहमी उणे असतात. डेसिबलची पट्टी सरळ वाढत नाही, गुणाकाराने वाढते. ३ डीबी कमी झाले म्हणजे ताकद निम्मी झाली, १० कमी झाले म्हणजे दहावा भाग उरला, २० कमी झाले म्हणजे शंभरावा. त्यामुळे उणे ८४ आणि उणे १०४ हे आकडे जवळजवळचे वाटले, तरी त्यांच्यात शंभरपट अंतर आहे. उणे संख्या वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शून्याच्या जवळचा आकडा चांगला, लांबचा वाईट.

बारा दिव्यांची रांग

४जीमध्ये टॉवरला मिळालेली लहरींची पट्टी अगदी अरुंद कप्प्यांत वाटलेली असते. एक कप्पा १५ किलोहर्ट्झ रुंदीचा असतो आणि अशा १२ कप्प्यांचा एक गट धरतात. २० मेगाहर्ट्झच्या पट्टीत असे १०० गट मावतात. एका गटाऐवजी १२ दिव्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. त्यातले दोन दिवे कायम लागलेले असतात. पहाटे तीन वाजता टॉवरवर एकही माणूस नसला तरी ते विझत नाहीत, कारण फोनला टॉवर ओळखायला आणि आलेला संदेश उलगडायला त्यांचाच आधार असतो. यांनाच संदर्भ संकेत म्हणतात. खरे तर हे संकेत एका मिलिसेकंदाच्याही लहानशा भागाच्या अंतराने, ठरलेल्या क्षणी लागतात. फोन नेमक्या त्याच क्षणी मोजतो, म्हणून आपल्यापुरते ते कायम लागलेलेच धरू. उरलेले दहा दिवे कुणाचा तरी डेटा जात असेल तेव्हाच लागतात.

या कायम लागलेल्या दिव्यांपैकी एकाचा उजेड आपल्या फोनपर्यंत किती पोचतो, ते आरएसआरपी सांगतो. दिव्याची ताकद टॉवरने एकदा ठरवून दिलेली असते आणि गर्दी वाढली म्हणून ती बदलत नाही. म्हणून आरएसआरपी बदलतो तो अंतराने, भिंतींनी, काचांनी, डोंगराने आणि आपण फोन हातात कसा धरला आहे त्याने. हा कव्हरेजचा आकडा आहे आणि दांड्या यावरूनच काढतात. उणे ९० च्या वर असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत चालण्याजोगा, उणे ११५ च्या खाली गेला की रडतखडत.

आता त्या रांगेकडून डोळ्यांत येणारा सगळा उजेड एकत्र मोजा. कुठला दिवा कशासाठी लागला, याची फिकीर करू नका. शेजारच्या टॉवरचा उजेडही त्यातच धरा. या एकूण उजेडात आपल्या संदर्भ दिव्याचा वाटा किती, हे आरएसआरक्यू सांगतो. सूत्रात तो असा लिहितात:

```
RSRQ = N × RSRP / RSSI
```

इथे RSSI म्हणजे तो एकूण उजेड आणि N म्हणजे किती रांगा मोजल्या ती संख्या. एका रांगेपुरता हिशेब अगदी सोपा आहे. टॉवर रिकामा असताना फक्त दोन दिवे लागलेले असतात, म्हणजे एका दिव्याचा वाटा निम्मा, म्हणजेच उणे ३ डीबी. टॉवर गच्च भरला की बाराही दिवे लागतात, वाटा एक-बारांश होतो, म्हणजे उणे १०.८ डीबी. प्रत्यक्षात ४जी टॉवर एकाऐवजी दोन किंवा जास्त अँटेनांवरून बोलतात. त्यामुळे कायमचे दिवे वाढतात आणि रिकाम्या स्थितीचा आकडा उणे ६ च्या आसपास येतो. गच्च भरलेल्या स्थितीत तो उणे ११ ते १३ पर्यंत उतरतो. कंपनीने संदर्भ संकेत आणि डेटा यांत वीज कशी वाटली आहे, यावर एखाद-दोन डीबीचा फरक पडतो.

म्हणजे गर्दीचा माग इथे सापडतो. त्याच जागी, त्याच टॉवरवर आरएसआरपी जागचा हललेला नाही आणि आरएसआरक्यू मात्र उणे ७ वरून उणे १२ वर घसरला, तर भिंत जाड झालेली नाही की टॉवर लांब गेलेला नाही. रांगेतले जास्त दिवे लागले आहेत.

प्रश्न एवढाच उरतो की ते दिवे कुणाचे? आपल्याच टॉवरवरच्या लोकांचे, की शेजारच्या टॉवरचे? आरएसआरक्यूला हा भेद कळत नाही. तिथे तिसरा आकडा कामी येतो. एसआयएनआर फक्त संदर्भ दिव्याच्या कप्प्यात डोकावून बघतो: आपला उजेड किती आणि त्याच कप्प्यात शिरलेला परका उजेड किती. ४जीची रचनाच अशी आहे की आपल्याच टॉवरचे बाजूचे दिवे एकमेकांच्या कप्प्यात सांडत नाहीत. परका उजेड येतो तो दुसऱ्या टॉवरकडून किंवा फोनच्या स्वतःच्या पार्श्वभूमीच्या खरखरीतून. म्हणून आपल्या टॉवरवर गर्दी झाली तर आरएसआरक्यू घसरतो, पण एसआयएनआर जवळपास टिकून राहतो. शेजारचे टॉवर त्रास देत असतील तर दोन्ही घसरतात. या एका फरकावर पुढचे सगळे निदान उभे आहे. एसआयएनआर २० च्या आसपास असेल तर फार चांगला, १० च्या वर असला तरी ठीक, शून्याच्या जवळ आला की वेग कोसळतो.

एक इमारत, तीन दुखणी

समजा, हिंजवडीजवळची अठरा मजल्यांची एक सोसायटी आहे. रात्री साडेनऊला तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन घरांतून एकाच कंपनीबद्दल तक्रार येते की नेट चालत नाही. तिघांचाही सूर एकच: ‘कंपनीला सांगा, टॉवर वाढवा.’ तिघांनी आकडे घ्यायचे ठरवले. रात्री साडेनऊला एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकदा, दोन्ही वेळी घरातल्या त्याच जागी.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची खोली आतल्या बाजूला आहे. रात्री त्यांच्याकडे आरएसआरपी उणे ११९, आरएसआरक्यू उणे १० आणि एसआयएनआर ४ आला. सकाळी सहालाही तिन्ही आकडे जवळपास तेच राहिले. घड्याळ बदलले तरी आकडे बदलले नाहीत, म्हणजे गर्दीचा संबंध नाही. मग फोन घेऊन ते गॅलरीत गेले आणि आरएसआरपी उणे १०३ वर आला. एका काँक्रीटच्या भिंतीने आणि काचेने मिळून सोळा डीबी खाल्ले होते, म्हणजे चाळीस भागांतला एकच भाग आत पोचत होता. हा शुद्ध कव्हरेजचा प्रश्न आहे.

काकांचा आरएसआरक्यूही रिकाम्या टॉवरच्या उणे ६ पेक्षा खराब दिसतो आणि इथेच वाचणारा फसतो. १५ किलोहर्ट्झच्या एका कप्प्यात निसर्गतःच असलेली उष्णतेची खरखर उणे १३२ डीबीएमच्या आसपास असते. फोनचे स्वतःचे सर्किट त्यात सात-आठ डीबीची भर घालते. म्हणजे उणे १२४ च्या आसपास एक तळ असतो. संकेत उणे ११९ ला आला म्हणजे तो तळापासून जेमतेम पाच डीबी वर आहे. बाराही कप्प्यांतली ती खरखर एकूण उजेडात मिसळते आणि कुणीही नसताना आरएसआरक्यू उणे ९ पर्यंत खाली ओढते. उणे १२५ ला तर तो उणे १३ च्या जवळ जातो. म्हणून नियम असा ठेवावा: आरएसआरपी उणे ११५ च्या खाली असेल तर आरएसआरक्यूवरून गर्दीचा अंदाज बांधू नये.

काकांच्या दुखण्याची आणखी एक खूण आहे. डाउनलोड कसेबसे होते, पण फोटो पाठवायला गेले की अडकते आणि कॉलवर समोरच्याला त्यांचा आवाज तुटक ऐकू येतो. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, तर ४जी फोनची सर्वसाधारण कमाल ताकद सुमारे ०.२ वॉट असते. त्यामुळे अंतर किंवा भिंत वाढली की आधी फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचेनासा होतो. आरएसआरपी फक्त टॉवरकडून येणारी बाजू मोजतो. जाणारी बाजू त्यात दिसत नाही, ती अपलोडवरून कळते.

पाचव्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलीच्या हॉलमध्ये चारही दांड्या भरलेल्या आहेत. रात्री आरएसआरपी उणे ८४, आरएसआरक्यू उणे १२, एसआयएनआर १८. सकाळी आरएसआरपी तोच उणे ८४, आरएसआरक्यू उणे ७, एसआयएनआर २१. दोन्ही वेळी टॉवरही तोच होता आणि बँडही तोच. संकेताची ताकद हलली नाही, स्वच्छताही जवळपास टिकली, वाटा मात्र तिपटीने घटला. हे लोडचे स्पष्ट चित्र आहे. संध्याकाळी आयटी कंपन्यांतून घरी परतलेला सगळा परिसर एकाच टॉवरच्या एकाच तोंडावर मालिका बघतो आहे.

‘तोंड’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. रस्त्यावरून एक टॉवर दिसतो, पण त्यावर बहुधा तीन दिशांना तीन सेल असतात आणि प्रत्येक दिशेला वेगवेगळ्या बँडचे आणखी सेल. गर्दी होते ती टॉवरवर नाही, एका सेलवर. त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूच्या सोसायटीत त्याच वेळी नेट सुसाट चालत असू शकते.

सतराव्या मजल्यावरचे जोडपे सगळ्यांत चक्रावलेले आहे. गॅलरीतून समोर चार टॉवर दिसतात आणि तरी नेट रडते. रात्री आरएसआरपी उणे ८२, आरएसआरक्यू उणे १६, एसआयएनआर ०. सकाळी आरएसआरपी उणे ८२, आरएसआरक्यू उणे १२, एसआयएनआर ५. इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती उणे १६ ची. संकेत इतका दणदणीत असताना नुसत्या आपल्या सेलच्या गर्दीने आकडा उणे १३ च्या फारसा खाली जाऊ शकत नाही, कारण रांगेत दिवेच तेवढे आहेत. त्यापुढची घसरण बाहेरच्या उजेडाशिवाय होत नाही. एसआयएनआर त्याला दुजोरा देतो. ॲपच्या शेजारी सेलच्या यादीत उणे ८४, ८५ आणि ८६ असे तीन सेल दिसले, म्हणजे चार टॉवर जवळपास सारख्याच मोठ्याने बोलत होते. उंचावर मध्ये इमारतींचा आडोसा नसतो, त्यामुळे लांबलांबचे टॉवर थेट दिसतात. फोन कधी याला, कधी त्याला धरतो आणि कुणाचेच नीट ऐकू येत नाही. इथे कव्हरेज कमी नाही, जास्त आहे. या दुखण्याला इंटरफिअरन्स म्हणतात. रात्री ते वाढते, कारण शेजारच्या सेलवरही तेव्हा गर्दी असते.

गंमत अशी की काकांना गॅलरीत जावे लागते, तर या जोडप्याला गॅलरीतून आत यावे लागते. खोलीच्या ज्या कोपऱ्यात एकाच टॉवरकडे उघडी बाजू असेल तिथे आरएसआरपी उणे ९५ पर्यंत उतरेल, पण एसआयएनआर १० वर चढेल आणि नेट सुधारेल. दांडी कमी होऊन वेग वाढतो, हे पटायला जड जाते, पण तिन्ही आकडे बघितले की पटते.

मोजताना कुठे चुकते

सगळ्यांत मोठा घोटाळा स्पीड टेस्टचा. लोक आधी स्पीड टेस्ट लावतात आणि ती चालू असतानाच आरएसआरक्यू बघतात. पण तेव्हा टॉवर तुमच्यासाठीच भराभर दिवे लावत असतो. आकडा पडतो, आणि तो पाडणारे तुम्हीच असता. म्हणून आधी फोन शांत ठेवावा. ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप थांबवावा, पडदा चालू ठेवून मिनिटभर आकडे बघावेत आणि मधला आकडा टिपून घ्यावा. मगच स्पीड टेस्ट लावावी.

दुसरी चूक म्हणजे दोन वेगवेगळ्या सेलची तुलना. सकाळी फोन एका बँडवर असेल आणि रात्री दुसऱ्यावर, तर आकड्यांतला फरक गर्दीचा नसून बँडचा असू शकतो. ९०० मेगाहर्ट्झचा बँड भिंतीतून बराच आत शिरतो, २३०० चा लवकर दम तोडतो. म्हणून प्रत्येक वेळी बँड आणि `PCI` हे दोन्ही टिपावेत. ४जीमध्ये `PCI` हा ० ते ५०३ मधला क्रमांक असतो आणि त्यावरून आसपासचा सेल ओळखता येतो. तो बदलला असेल तर तुलना रद्द समजावी. दोन फोनांची तुलनाही टाळावी. आंतरराष्ट्रीय मानकांतच आरएसआरपीच्या मोजणीत सहा डीबीपर्यंत इकडे-तिकडे व्हायला मुभा आहे. एकाच फोनवरचा फरक मात्र बऱ्यापैकी विश्वासाचा असतो.

तिसरी गोष्ट चुकीची नाही, मर्यादेची आहे. रांगेतले सगळे दिवे लागले की आरएसआरक्यूला पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. त्या सेलवर वीस जण असोत की दोनशे, आकडा उणे १२ च. दिवे लागलेत एवढे तो सांगतो, रांगेत किती जण ताटकळत आहेत हे सांगत नाही. एकच माणूस मोठा चित्रपट उतरवून घेत असेल तरी काही क्षण सगळे दिवे लागतात, आणि तुम्ही मागितल्याबरोबर निम्मे तुम्हाला मिळतात. म्हणून आरएसआरक्यूच्या जोडीला वेग बघायचा. पाचव्या मजल्यावर सकाळी ४० एमबीपीएस आणि रात्री ३, पिंग रात्री अडखळत वाढलेला, आणि आरएसआरक्यू उणे १२: अशी तिन्हींची साक्ष जुळली की लोड म्हणावे.

आणि तिन्ही आकडे दिवसरात्र उत्तम असूनही वेग नसेल, तर दोष हवेत नाही. टॉवरला मागून जोडणारी केबल किंवा लिंक तोकडी असेल, किंवा रोजचा डेटा कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला असेल. दुसरी शक्यता आधी तपासावी. ती फुकट आणि झटपट तपासता येते.

५जीवर हे गणित का चालत नाही

भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झाले आणि आता बऱ्याच फोनांवर तेच दिसते. तिथेही `SS-RSRP`, `SS-RSRQ` आणि `SS-SINR` असे तीन आकडे मिळतात. नावे सारखी असली तरी आरएसआरक्यू तसा वाचता येत नाही. ५जीत ४जीसारखे कायमचे दिवे पसरलेलेच नाहीत. टॉवर थोड्या थोड्या वेळाने, बहुधा २० मिलिसेकंदांनी, ओळखीचा एक छोटा गठ्ठा पाठवतो आणि फोन त्याच्यावर मोजतो. त्या क्षणी त्या गठ्ठ्याच्या कप्प्यांत जवळपास सगळे दिवे लागलेलेच असतात, मग टॉवर रिकामा असो की भरलेला. म्हणून ५जीवर चांगल्या रेंजमध्येही उणे १०-११ हा साधा, निरोगी आकडा असतो आणि गर्दीने तो फारसा हलत नाही. ४जीची पट्टी तिथे लावली तर पहाटे तीनलाही लोड दिसेल. ५जीवर कव्हरेज आरएसआरपीवरून कळते. गर्दी ओळखायला वेळेनुसार बदलणारा वेग आणि पिंग यांच्यावरच अवलंबून राहावे लागते. फोन सेटिंगमध्ये ४जीवर टाकून वरची तपासणी करता येते, पण ती ४जीच्या सेलची तपासणी असते, ५जीची नाही.

निदानानंतर

आता त्या तीन घरांत काय करायचे, ते पाहू. दुसऱ्या मजल्यावर घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करावे. आपल्या भागात कमी फ्रिक्वेन्सीचा बँड ज्या कंपनीकडे आहे तिचे सिम लावून बघावे. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र आणू नये. परवान्याशिवाय तो लावणे भारतात बेकायदा आहे आणि तो टॉवरच्या बाजूला खरखर वाढवून शेजाऱ्यांचेही नेट बिघडवतो. पाचव्या मजल्यावर बूस्टर कायदेशीर असता तरी उपयोगाचा नव्हता. भरलेल्या सेलचा संकेत मोठा करून त्यात जागा निर्माण होत नाही. तिथे वेगळ्या बँडवर किंवा वेगळ्या कंपनीवर जाणे, किंवा मोठी कामे रात्री अकरानंतर करणे, एवढेच आपल्या हातात आहे. खरा उपाय कंपनीकडे असतो: त्या दिशेला आणखी एक बँड चढवणे किंवा मध्ये छोटा टॉवर उभारणे. सतराव्या मजल्यावर तर नवा टॉवर मागणे म्हणजे आगीत तेल. तिथे कंपनीने आसपासच्या अँटेना थोड्या खाली झुकवल्या तर फरक पडतो.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते जरूर पाहावेत, पण नकाशावरचा रंग फक्त संकेत पोचतो एवढेच सांगतो, रात्री साडेनऊला जागा आहे का ते नाही. म्हणून तक्रार करताना ‘रेंज नाही’ लिहिले तर कंपनी नकाशा दाखवून तक्रार बंद करू शकते. पाचव्या मजल्यावरून तक्रार अशी जायला हवी: ‘बँड अमुक, पीसीआय तमुक. सकाळी सहाला आरएसआरपी उणे ८४, आरएसआरक्यू उणे ७, एसआयएनआर २१, वेग ४० एमबीपीएस. रात्री साडेनऊला आरएसआरपी तोच, आरएसआरक्यू उणे १२, एसआयएनआर १८, वेग ३. कव्हरेज ठीक आहे, या सेलवरचा रात्रीचा लोड तपासावा.’ कंपनीच्या इंजिनिअरकडे त्या सेलचा तासातासाचा वापर नोंदलेला असतो. आपण नेमका सेल आणि नेमकी वेळ दिली, तर त्याला तेवढीच नोंद उघडून बघायची असते.